मुलाखतीच्या ट्रान्सक्रिप्टमधून ऑडिट पॉइंट काढताना प्रत्येक पॉइंटला आधार कसा जोडायचा?

प्रश्न: मी एका कंपनीच्या इंटर्नल ऑडिट विभागात नवीन आहे. स्टोअर, परचेस वगैरे लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड होतात आणि वीस-पंचवीस पानांचं ट्रान्सक्रिप्ट माझ्याकडे येतं. त्यातून मी पॉइंट लिहिले की साहेब विचारतात, ‘हे तू म्हणतोयस, तो माणूस असं म्हणाला कुठे?’ मी पान नंबर देतो, तरी त्यांचं समाधान होत नाही. नेमकं काय चुकतंय?

उत्तर:

पान नंबर दिला की शोधायचं काम साहेबांच्या गळ्यात पडतं, हा एक भाग झाला. पण खरी अडचण बहुधा वेगळीच असणार. आपण एक निरीक्षण लिहितो तेव्हा त्यात तीन-चार दावे असतात, आणि आधार मात्र त्यातल्या एखाद्याच दाव्याला असतो. उरलेले दावे त्याच्या आडोशाने आत शिरतात. म्हणून आधार आख्ख्या निरीक्षणाला जोडायचा नाही, त्यातल्या प्रत्येक दाव्याला वेगळा जोडायचा. हे एका उदाहरणावर सांगतो. उदाहरण नमुन्यासाठी रचलेलं आहे, पण कुठल्याही एमआयडीसीतल्या इंजिनिअरिंग कारखान्याच्या स्टोअरमध्ये असंच बोलणं ऐकायला मिळेल.

सुरुवातीला ट्रान्सक्रिप्टमधल्या प्रत्येक बोलण्याला ओळीने क्रमांक द्या. प्रश्नालाही क्रमांक आणि उत्तरालाही. पान नंबर फाँट बदलला की सरकतात, बोलण्याचे क्रमांक सरकत नाहीत. एकदा क्रमांक दिले की ती प्रत गोठवायची, पुन्हा तिच्यात शब्द बदलायचा नाही. भाषा ‘नीट’ करण्याचा मोहही टाळा. ‘म्हणजे’, ‘तसं’, ‘कधी कधी’ हे शब्द गाळले की वाक्य स्वच्छ दिसतं, पण माणसाने बोलताना जी सूट ठेवलेली असते तीच नेमकी निघून जाते.

स्टोअर इनचार्जच्या मुलाखतीचा हा तुकडा बघा. यात जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची स्टोअरची नोंद, आणि स्लिप म्हणजे माल उत्पादनाला देताना करायची इश्यू स्लिप:

> ४१ ऑडिटर: माल उतरवला की जीआरएन लगेच होतो का?
> ४२ इनचार्ज: हो, तसं लगेचच करतो आपण. म्हणजे बिल बरोबर असलं तर.
> ४३ ऑडिटर: बिल नसेल तर?
> ४४ इनचार्ज: चलानवर उतरवून घेतो. मग बिल आलं की जीआरएन. दोन-तीन दिवस जातात कधी कधी. महिनाअखेरीला जरा जास्त.
> ४५ ऑडिटर: तोपर्यंत माल कुठे असतो?
> ४६ इनचार्ज: बाहेर शेडमध्ये. पण लाइन थांबायची वेळ आली की प्रॉडक्शनवाले घेऊन जातात.
> ४७ ऑडिटर: म्हणजे स्लिप न देता?
> ४८ इनचार्ज: वहीत लिहितो ना आम्ही. मग जीआरएन झाला की स्लिप करतात एकदम.
> ४९ ऑडिटर: किती वेळा होतं असं?
> ५० इनचार्ज: ते आता सांगता नाही यायचं. पूर्वी तर रोजचंच होतं. साहेबांनी सांगितल्यापासून कमी झालंय.

यावरून नवीन माणूस साधारण असं लिहितो: ‘जीआरएन होण्यापूर्वीच माल नियमितपणे इश्यू स्लिपशिवाय उत्पादनाला दिला जातो, त्यामुळे तपासणी न झालेला माल वापरला जातो. आधार: ४४ ते ५०.’

वाचायला झकास आहे. आता याचे तुकडे करू. ‘जीआरएनपूर्वी माल जातो’ याला ४४ आणि ४६ एकत्र वाचले की आधार मिळतो, ठीक. ‘नियमितपणे’ कुठून आलं? ५० मध्ये तर तो म्हणतो की सांगता येत नाही, आणि पूर्वीपेक्षा कमी झालंय. ‘दिला जातो’ असंही तो म्हणालेला नाही. प्रॉडक्शनवाले ‘घेऊन जातात’ म्हणाला, आणि जबाबदारी ठरवताना या दोन गोष्टींत बराच फरक पडतो. ‘स्लिपशिवाय’ हा शब्द ऑडिटरचा, ४७ मधला. त्याला तो ‘हो’ म्हणालेला नाही, उलट वहीत नोंद होते आणि स्लिप नंतर होते असं त्याने सांगितलं. आणि ‘तपासणी न झालेला माल’ तर आख्ख्या तुकड्यात कुठेच नाही. क्वालिटीवाले शेडमध्ये येऊन आधीच माल बघून जात असतील, नसतीलही, पण ते कुणी विचारलेलंच नाही.

एका वाक्यात चार दावे सुटे निघाले. तुमच्या साहेबांचा प्रश्न या चार ठिकाणी आहे, पान नंबरात नाही.

तेच निरीक्षण आता असं होईल:

> निरीक्षण १ (स्थिती). बिल न आलेला माल चलानवर उतरवून घेतला जातो आणि बिल आल्यावर जीआरएन होतो; यात कधी कधी दोन-तीन दिवस आणि महिनाअखेरीला त्याहून जास्त वेळ जातो [४४]. दरम्यान लाइन थांबण्याची वेळ आली की उत्पादन विभाग हा माल घेऊन जातो [४६]. त्याची नोंद वहीत होते आणि इश्यू स्लिप जीआरएननंतर एकदम केली जाते [४८]. हे किती वेळा होतं ते इनचार्जना सांगता आलं नाही; पूर्वीपेक्षा कमी झालं असं ते म्हणाले [५०].
> मर्यादा घालणारं विधान: बिल बरोबर असल्यास जीआरएन लगेच होतो [४२].
> पडताळणी: बाकी.

कंस वाक्याच्या शेवटी आहेत, परिच्छेदाच्या शेवटी नाहीत, हे लक्षात घ्या. ज्या वाक्याला कंस लावता येत नाही, ते एक तर तुमचं अनुमान आहे किंवा दुसऱ्या कागदावरून आलेलं आहे. तसं असेल तर तसं लिहा, नाहीतर वाक्य काढून टाका. ‘४४ ते ५०’ अशी पट्टी देणं मी माझ्या टीममध्ये बंदच केलंय. पट्टीत काहीही लपतं.

‘मर्यादा घालणारं विधान’ ही ओळ बरेच जण गाळतात, कारण तिने पॉइंट कमजोर झाल्यासारखा वाटतो. होतं मात्र उलट. क्लोजिंग मीटिंगमध्ये स्टोअरचा मॅनेजर सगळ्यात आधी तेच म्हणणार असतो: ‘अहो, आमचा जीआरएन लगेच होतो, विचारा त्याला.’ ते आपण आधीच लिहून ठेवलेलं असलं की चर्चा थेट बिलाशिवाय आलेल्या मालावर येते.

आता निरीक्षणाच्या बाकीच्या अंगांबद्दल. निकष, स्थिती, कारण, परिणाम ही चौकट तुम्हाला माहीत असेलच. ट्रान्सक्रिप्ट यातल्या स्थितीला आधार देऊ शकतं आणि कारणाला काही अंशी. निकष कधीही मुलाखतीतून घेऊ नका. माल उतरल्यापासून किती तासांत जीआरएन व्हायला हवा, जीआरएनशिवाय माल हलवायला परवानगी आहे का, हे कंपनीच्या एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत बघायचं आणि कलम क्रमांकासह लिहायचं. इनचार्ज म्हणाला ‘नियम चोवीस तासांचा आहे’, तर ते फक्त त्याला नियम काय वाटतो याचा पुरावा. एसओपीत वेगळं निघालं तर तो कधी कधी स्वतंत्र पॉइंट होतो.

परिणामही मुलाखतीतून येत नाही, तो आपण कामाच्या तर्काने मांडतो. इथे तो सरळ आहे: महिनाअखेरीला माल वापरून झालेला असतो पण जीआरएन नसतो, म्हणजे त्या महिन्याच्या पुस्तकात खरेदी आणि सप्लायरचं देणं दोन्ही कमी दिसण्याची शक्यता राहते. वेगळी तरतूद केली असेल तर नाही. म्हणून ‘देणं कमी दाखवलं गेलं’ असं लिहायचं नाही. तरतूद होते का हे अकाउंट्सला विचारेपर्यंत ‘शक्यता’ हाच शब्द.

लिहायला बसण्याआधी मी विधानांना खुणा करतो, आणि या कामात घाई करू नये. माणसाने स्वतः केलेलं किंवा पाहिलेलं काय, सर्वसाधारण पद्धत म्हणून सांगितलेलं काय, ऐकीव काय आणि मत काय, एवढ्या चार खुणा पुरतात. ४२ मधलं ‘तसं लगेचच करतो आपण’ ही सर्वसाधारण पद्धत झाली. पद्धतीचं विधान ‘असं ठरलंय’ एवढंच सांगतं, ‘असं घडलं’ हे सांगत नाही. आपल्या बोलण्यात ही दोन्ही सहज मिसळतात, शिवाय कर्ताही गळतो. ४८ मध्ये ‘स्लिप करतात’ म्हणजे कोण करतं? स्टोअरची पोरं की प्रॉडक्शनचा सुपरवायझर? मी निरीक्षणात ‘केली जाते’ लिहिलं ते त्यामुळेच. तिथे ‘उत्पादन विभाग स्लिप करतो’ लिहिलं असतं तर तो माझा अंदाज ठरला असता. असा गळलेला कर्ता दिसला की त्याचा एक पाठपुराव्याचा प्रश्न करायचा आणि फोन करून विचारून टाकायचं.

याच मुलाखतीतला दुसरा तुकडा:

> ७१ ऑडिटर: सिस्टिममध्ये एंट्री कोण करतं?
> ७२ इनचार्ज: मीच. मी सुट्टीवर असलो तर पोरं करतात.
> ७३ ऑडिटर: त्यांचं लॉगिन वेगळं आहे?
> ७४ इनचार्ज: नाही, माझ्याच आयडीने. मॅनेजर साहेबांना माहितीये ते.

पहिला भाग पक्का आहे. स्वतःच्या आयडीबद्दल तो स्वतः सांगतोय, तेही स्वतःला अडचणीचं ठरेल असं. अशा विधानाला वजन जास्त. पण पुढचं वाक्य बघा. ‘मॅनेजर साहेबांना माहितीये’ हे दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे याबद्दलचं विधान झालं. अहवालात त्याचं ‘व्यवस्थापकांच्या संमतीने आयडी वापरला जातो’ असं झालं, तर माहिती असण्याची संमती झाली आणि एका वाक्यात तुम्ही मॅनेजरवर ठपका ठेवून मोकळे झालात. लिहायचं ते एवढंच: ‘व्यवस्थापकांना याची माहिती असल्याचं इनचार्जनी सांगितलं [७४]; व्यवस्थापकांना अद्याप विचारलेलं नाही.’ आणि मसुदा पुढे जाण्याआधी त्यांना विचारायचं.

या पॉइंटची पडताळणी अगदी सोपी आहे. एचआरकडून इनचार्जच्या रजेचे दिवस घ्या, आयटीकडून त्याच दिवसांचा त्याच्या यूझर आयडीचा एंट्री लॉग घ्या, आणि दोन्ही शेजारी ठेवा. माणूस रजेवर आणि आयडीवर जीआरएनच्या एंट्र्या, असं दिसलं की निरीक्षण मुलाखतीवर उभं राहत नाही, लॉगवर उभं राहतं. विधान मग फक्त ‘हे असं का’ याच्या स्पष्टीकरणापुरतं उरतं. घरून किंवा मोबाइलवरून एंट्री करण्याची सोय कंपनीत असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही. तेव्हा लॉगमध्ये कोणत्या मशिनवरून एंट्री झाली तेही बघावं लागतं.

इथे मुलाखतीच्या पुराव्याची किंमत काय, हे स्पष्ट करून घेऊ. ऑडिट कसं करावं याचं मार्गदर्शन करणारं आयएसओ १९०११ हे मानक ऑडिट पुराव्यात नोंदींबरोबर वस्तुस्थितीची विधानंही धरतं, पण ती पडताळता येण्याजोगी असावीत ही अट घालून. आर्थिक लेखापरीक्षणासाठीचं आपल्याकडचं एसए ५०० हे मानक सांगतं की नुसती चौकशी साधारणतः पुरेसा पुरावा ठरत नाही. इंटर्नल ऑडिटमध्येही तोच शहाणपणा धरून चाला. म्हणून प्रत्येक निरीक्षणाला ‘फक्त विधान’, ‘विधान आणि कागद’ किंवा ‘फक्त कागद’ असं एक लेबल लावा. ‘फक्त विधान’ असलेलं निरीक्षण मसुद्यात ठेवायला हरकत नाही, अंतिम अहवालात ते तसंच गेलं तर ‘असं सांगण्यात आलं’ हे शब्द त्यातून हलता कामा नयेत.

आता परस्परविरोधी विधानं. याच मुलाखतीत ८८ व्या क्रमांकाला तो म्हणतो, ‘महागड्या मालाची मोजणी दर महिन्याला होते.’ पुढे ११२ ला मनुष्यबळाचा विषय निघतो आणि तो सहज बोलून जातो, ‘दिवाळीपासून मोजणीच नाही झाली, माणूसच नाहीये.’ चोवीस क्रमांकांचं अंतर आहे. पहिल्यांदा वाचताना हे निसटतं. विषयवार वाचलं की सापडतं, म्हणून एकदा ट्रान्सक्रिप्ट वरून खाली वाचायचं आणि मग मोजणी, जीआरएन, भंगार, लॉगिन असा एकेक विषय धरून त्यावरची सगळी विधानं एका जागी काढून वाचायचं.

सापडल्यावर लगेच ‘खोटं बोलतोय’ असं धरू नका. ८८ ही पद्धत आहे, ११२ ही सध्याची परिस्थिती. दोन्ही खरं असू शकतं. निरीक्षणात दोन्ही क्रमांक द्या, एकाची निवड करू नका, आणि मोजणीचे शीट मागवा. शेवटचा सही झालेला शीट कोणत्या महिन्याचा आहे तेच निरीक्षण. ‘माणूस नाही’ हे त्याने सांगितलेलं कारण आहे, तुम्ही शोधलेलं मूळ कारण नव्हे. मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती हे न बघता ‘मनुष्यबळाअभावी’ असं छापू नका, नाहीतर तुमच्या सहीने त्याची भरतीची मागणी पुढे जाईल. असं होतं, आणि काही लोक मुलाखत त्यासाठीच देतात!

भंगाराबद्दल तो १२० ला म्हणतो, ‘गाडीचं वजन बाहेरच्या काट्यावर करतात म्हणे, मी नसतो तिथे.’ हे ऐकीव आहे. याचं निरीक्षण होत नाही, कितीही चमचमीत असलं तरी. याची पाठपुराव्याच्या यादीत एक ओळ होते: वजनकाट्याच्या पावत्या आणि गेट पास जुळवणे. अहवालात ऐकीव गोष्ट गेली आणि ती चुकीची निघाली, तर बाकीचे खरे पॉइंटही लोक उडवून लावतात.

सगळं लिहून झालं की दोन उलट तपासण्या करा. पहिली: निरीक्षण झाकून ठेवा आणि फक्त कंसातली विधानं सहकाऱ्याला वाचायला द्या. यावरून तू काय लिहिशील, असं विचारा. त्याचं वाक्य तुमच्या वाक्यापेक्षा मवाळ आलं तर जास्तीचं तिखटमीठ तुमचं आहे. ‘सर्रास’, ‘वारंवार’, ‘कधीच नाही’, ‘पूर्णपणे’ असले शब्द बहुधा तिथेच सापडतात. दुसरी: ट्रान्सक्रिप्टमधल्या प्रत्येक उत्तराच्या क्रमांकापुढे ते कुठे गेलं ते लिहा. निरीक्षणात गेलं, मर्यादा म्हणून गेलं, पाठपुराव्यात गेलं, की विषयाबाहेरचं होतं. एकही क्रमांक रिकामा ठेवायचा नाही. साहेबांना हवा तो पॉइंट तेवढा उचलला असा आरोप कुणी केला, तर हा तक्ता दाखवता येतो. शंभर-सव्वाशे उत्तरांना साधारण तासभर लागतो, आणि हमखास एखादं महत्त्वाचं विधान नजरेतून सुटलेलं सापडतं.

ज्या विधानांना कंसात जागा मिळाली, त्यांचं मूळ रेकॉर्डिंग पुन्हा ऐका. सगळं नाही, तेवढीच. ट्रान्सक्रिप्ट माणसाने टाइप केलेलं असो की सॉफ्टवेअरने, ‘सतरा’चं ‘सत्तर’ होतं, आणि वाक्याच्या शेवटचा हळू उच्चारलेला ‘नाही’ गायब होतो. अहवाल इंग्रजीत जाणार असेल तर वर्किंग पेपरमध्ये इंग्रजी निरीक्षणाच्या शेजारी मूळ मराठी विधान जसंच्या तसं ठेवा.

मग ती विधानं, फक्त विधानं, मुलाखत देणाऱ्याला दाखवा. निरीक्षण दाखवू नका, ते मॅनेजमेंटशी चर्चेला जाणार आहे. त्याने काही दुरुस्त केलं तर मूळ ओळ खोडायची नाही, ‘५०-अ’ म्हणून तारखेसह नवी ओळ घालायची. आमच्या नमुन्यातला इनचार्ज समजा म्हणाला, ‘पूर्वी रोजचंच होतं असं नको, आठवड्यातून एक-दोनदा लिहा,’ तर ५० आणि ५०-अ दोन्ही राहतील आणि निरीक्षणात दोन्हींचा उल्लेख येईल. वही आणि गेट रजिस्टर तपासल्यावर कोणतं खरं ते कळेलच.

नावाचं काय? वर्किंग पेपरमध्ये माणसाचं नाव आणि मुलाखतीची तारीख असू द्या. अहवालात ‘मु-२/४४’ असा संकेत पुरतो. लहान स्टोअरमध्ये इनचार्ज एकच असल्याने संकेत असूनही कोण बोललं ते सगळ्यांना कळतंच, तेव्हा लॉगिनसारख्या पॉइंटमध्ये लॉगचा पुरावा हातात आला की विधानाचा हवाला अहवालातून काढून टाका आणि फक्त वर्किंग पेपरमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी त्याच माणसाची मुलाखत घ्यायची आहे, आणि तेव्हाही त्याने तुमच्याशी मोकळेपणाने बोलायला हवं.